बाद अर्जांचा ढीग आणि टक्केवारीचा छेद

नोकरभरतीत अर्जांची पहिली छाननी संगणकाने करावी की माणसाने, यावर सध्या हिरिरीने वाद चालू आहे, आणि माझ्या मते दोन्ही बाजू तो चुकीच्या पुराव्यावर लढवत आहेत. संगणकाची बाजू घेणारे सांगतात की चाळणीतून पुढे आलेले उमेदवार मुलाखतीत चांगले ठरतात, म्हणजे चाळणी चांगली आहे. विरोधक एखाद्या गुणी माणसाची हकिगत सांगतात. त्याला ठिकठिकाणांहून काही तासांत नकार आला आणि पुढे त्याने दुसरीकडे उत्तम काम करून दाखवले, म्हणजे चाळणी वाईट आहे. पहिल्या बाजूने फक्त आत आलेल्यांकडे पाहिले आहे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर राहिलेल्यांपैकी एकाकडे. बाहेर राहिलेले सगळे मिळून कोण होते, त्यांत योग्य किती होते आणि ते नेमके कोणत्या पायरीवर गळले, हे यांपैकी कोणी पाहिले आहे?

माझे म्हणणे असे आहे की बाद झालेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखा निःपक्षपाती नमुना काढून, तो आधीचा निकाल झाकून पुन्हा वाचल्याशिवाय कोणत्याही संस्थेला आपली छाननी अचूक आहे असे म्हणता येत नाही, मग ती यंत्राने केलेली असो वा माणसाने. शिवाय अशी तपासणी करूनही मिळालेला आकडा योग्य छेदाने भागला नाही, तर संस्था आधीपेक्षा जास्त आत्मविश्वासाने चुकते. या दुसऱ्या मुद्द्यावर मी या लेखात अधिक वेळ थांबणार आहे, कारण जिथे नमुना तपासला जातो तिथेही गफलत बहुधा इथेच होते.

छाननीत दोन प्रकारच्या चुका होतात. अयोग्य माणूस पुढे पाठवला तर ती चूक मुलाखतीत उघडी पडते. मुलाखत घेणारा वैतागतो, तक्रार करतो आणि छाननी करणाऱ्याच्या कानापर्यंत ती पोहोचते. योग्य माणूस बाद झाला तर मात्र काहीच घडत नाही. त्याला नकाराचा ठरावीक मजकूर जातो, फाइल बंद होते आणि संस्थेत त्याची आठवण ठेवणारे कोणी नसते. चुकांचा कान एकाच बाजूने असला की छाननी हळूहळू त्याच बाजूला शिकत जाते. प्रत्येक तक्रारीनंतर एक नवी अट वाढते, कोणतीही अट काढा असे सांगणारा आवाज कधीच येत नाही, आणि काही वर्षांत चाळणीची भोके इतकी बारीक होतात की नेमके काय अडकते आहे हे ती बसवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

या आंधळेपणाचे सर्वांत बोलके उदाहरण भरतीच्या नव्हे, तर कायद्याच्या क्षेत्रातले आहे. १९८५ साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरॉन या संशोधकांनी एका मोठ्या खटल्यातल्या सुमारे ४०,००० कागदपत्रांच्या संगणकीय शोधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शोध घेणाऱ्या वकिलांची खात्री होती की कामाच्या कागदांपैकी किमान ७५ टक्के त्यांच्या हाती लागले आहेत. संशोधकांनी न सापडलेल्या कागदांतून नमुने काढून तपासले, तेव्हा खरे प्रमाण सरासरी सुमारे २० टक्के निघाले. वकील निष्काळजी नव्हते. हाती आलेले कागद उपयोगी होते आणि त्यावरून त्यांनी न आलेल्यांचा अंदाज बांधला होता, इतकेच. या क्षेत्राने पुढे धडा घेतला आणि टाकून दिलेल्या कागदांतून नमुना तपासण्याची ‘एल्यूजन टेस्ट’ तिथे रुळली. भरतीच्या क्षेत्राने तो अजून घेतलेला नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालात ८८ टक्के नियोक्त्यांनी मान्य केले की उच्च कौशल्याचे पात्र उमेदवार केवळ अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून त्यांच्या छाननीत गळतात. हा आकडा दोन्ही बाजू वारंवार फेकतात, पण तो मोजमापाचा नव्हे, मताचा आकडा आहे. किती गळतात, हे त्यातून कळत नाही.

आता हे मोजायचे कसे, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते मी बांधले आहेत. समजा, एका पदासाठी १,२०० अर्ज आले, १५० शॉर्टलिस्ट झाले आणि १,०५० बाद झाले. बाद अर्जांतून १५० अर्ज यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अर्जाला निवडले जाण्याची सारखीच संधी राहील अशा रीतीने, काढले. त्यांत शॉर्टलिस्टमधले ५० अर्ज तसेच चिठ्ठीने काढून मिसळले. दोनशे अर्जांवरून नाव, निकाल आणि गुण झाकले आणि पदाचे काम जाणणाऱ्या दोन जणांना ते स्वतंत्रपणे वाचायला दिले. ‘योग्य’ कोणाला म्हणायचे याच्या चार-पाच कसोट्या वाचनाआधीच लिहून ठेवल्या होत्या. निकाल असा आला की बाद अर्जांपैकी ९ योग्य होते आणि शॉर्टलिस्टमधल्या ५० पैकी ३०.

इथे संस्थेच्या बैठकीत जे वाक्य उच्चारले जाते, ते मी अनेकदा ऐकले आहे: ‘दीडशेत फक्त नऊ, म्हणजे सहा टक्के चूक. चौऱ्याण्णव टक्के अचूक छाननी आहे आपली.’ वाक्यातला भागाकार बरोबर आहे, पण प्रश्न चुकीचा आहे. सहा टक्के हे उत्तर ‘बाद झालेल्यांपैकी किती जण योग्य होते’ या प्रश्नाचे आहे. आपल्याला हवा असलेला प्रश्न उलटा आहे: योग्य असलेल्यांपैकी किती जण बाद झाले? त्यासाठी छेद बदलावा लागतो. १,०५० चे ६ टक्के म्हणजे ६३ योग्य माणसे बाद ढिगात आहेत. शॉर्टलिस्टमधल्या १५० पैकी ६० टक्के, म्हणजे ९० योग्य आहेत. एकूण योग्य १५३, त्यांपैकी ६३ बाद. म्हणजे दर शंभर योग्य उमेदवारांमागे ४१ जण दारातून परत गेले. सहा आणि एक्केचाळीस हे दोन्ही आकडे त्याच नऊ अर्जांतून निघाले आहेत. बाद ढीग नेहमी मोठा असतो आणि त्यात अयोग्य अर्ज भरपूर असतात, त्यामुळे पहिला आकडा जवळजवळ कोणत्याही छाननीत लहानच दिसतो. कोणी काही न वाचता डोळे मिटून अर्ज बाद केले, तरीही योग्य माणसे मुळात थोडी असतील तर तो आकडा लहानच राहील. ज्या आकड्याला आंधळी आणि डोळस छाननी नीट वेगळी करता येत नाही, त्याला अचूकतेचे प्रमाणपत्र कसे मानायचे?

दीडशेच्या नमुन्यातले नऊ ही संख्या लहान आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. नेहमीच्या ९५ टक्के विश्वासाच्या हिशोबाने बाद ढिगातले योग्य अर्जांचे खरे प्रमाण ३ ते ११ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. शॉर्टलिस्टमधला ९० हा अंदाज पक्का धरला, आणि तोही तितका पक्का नाही, तरी गळती साधारण २७ ते ५६ टक्के ठरते. हा पट्टा रुंद आहे हे खरे, पण त्याचे खालचे टोकही चारांत एकाहून जास्त सांगते. ‘आमची छाननी जवळजवळ काहीच गमावत नाही’ हा दावा या पट्ट्यात कुठेही बसत नाही, आणि निर्णय घ्यायला तेवढे पुरते. उलट प्रसंगही लक्षात ठेवावा. नमुन्यात एकही योग्य अर्ज सापडला नाही, तर शून्य गळती सिद्ध होत नाही. तीनला नमुन्याच्या संख्येने भागले की साधारण वरची मर्यादा मिळते. दीडशेत शून्य म्हणजे २ टक्क्यांपर्यंत, अर्थात १,०५० मध्ये २१ योग्य अर्ज अजूनही असू शकतात.

याहून बळकट आक्षेप दुसरा आहे. ‘योग्य’ हे ठरवणार कोण? फेरतपासणी करणारेही माणसेच आहेत, आणि त्यांचे मत हे सत्य कसे मानायचे? हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तो हिशोबातही थेट शिरतो. वाचणाऱ्याने अयोग्य अर्जांपैकी शंभरात तीन जरी उदारपणे ‘योग्य’ ठरवले, तर दीडशेच्या नमुन्यात अशा चुकीनेच चार-एक अर्ज योग्य दिसतील आणि आपल्या नऊपैकी निम्मे हवेत विरतील. विरळ गोष्ट शोधताना शोधणाऱ्याची छोटी चूकही मोठी होते. म्हणूनच दोन स्वतंत्र वाचक हवेत, दोघांनीही योग्य म्हटले तर अर्ज योग्य धरायचा आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निर्णय द्यायचा. शॉर्टलिस्टमधले अर्ज मिसळण्याचे कारणही हेच आहे. समोरचे सगळे अर्ज बाद झालेले आहेत हे कळले की माणूस एक तर आधीच्या निर्णयाला मान डोलावतो, नाही तर चूक शोधून दाखवायच्या ईर्षेने वाचतो, आणि दोन्हींत मोजमाप बिघडते. दोन वाचकांचे आपापसांत फारच कमी जुळले, तर तीही एक बातमी आहे: पदासाठी काय हवे हेच संस्थेला नीट ठाऊक नाही, आणि मग छाननी कोणी करावी हा वाद सुरू करण्यात काही अर्थ नाही.

याच आक्षेपातून काही जण एक पळवाट काढतात. ते म्हणतात, नमुना कशाला, यंत्राचा निर्णय अनुभवी छाननीकाराच्या जुन्या निर्णयांशी किती जुळतो ते पाहा. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलने नेमके हेच पाहिले होते. प्रवेशअर्जांची पहिली छाननी करणारा तिथला संगणकी प्रोग्राम निवड समितीच्या निर्णयांशी ९० ते ९५ टक्के जुळत होता, आणि १९८२ पासून पहिली छाननी त्याच्याकडे गेली. १९८८ साली ब्रिटनच्या कमिशन फॉर रेशियल इक्वॅलिटीने निष्कर्ष दिला की हा प्रोग्राम स्त्रियांना आणि युरोपीय न वाटणाऱ्या नावांच्या अर्जदारांना कमी लेखत होता. त्याने काही नवे शोधले नव्हते. समितीचा जुना कल त्याने इमानाने उचलला होता, आणि जुळणीची टक्केवारी जितकी उंच, तितकी ती नक्कल चोख होती. जुन्या निर्णयाशी तुलना करणाऱ्या चाचणीत जुन्या निर्णयातली चूक दिसूच शकत नाही. निकाल झाकून, आधी लिहिलेल्या कसोट्यांवर केलेल्या वाचनात ती दिसू शकते. निदान तशी शक्यता तरी राहते.

तरीही मान्य करायला हवे की अर्ज पुन्हा वाचून फक्त अर्जच कळतो, माणसाचे काम कळत नाही. कागदावर योग्य ठरलेले नऊ जण कामात कसे ठरले असते, याचे उत्तर बाद झालेल्यांपैकी काहींना खरोखर पुढे पाठवल्याशिवाय मिळत नाही. असा प्रयोग एकदा परिस्थितीनेच घडवला. १९७९ साली टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयाची निवड पूर्ण झाल्यावर राज्याच्या विधिमंडळाने ५० जागा वाढवायला लावल्या. त्या भरायला आधी नाकारलेल्या, क्रमवारीत तळाशी असलेल्या उमेदवारांकडे जावे लागले. पुढे शिक्षणात आणि रुग्णालयातल्या प्रशिक्षणात हे विद्यार्थी आणि आधी निवडलेले विद्यार्थी यांच्यात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. याचा अर्थ सगळ्या छाननीला काही अर्थ नसतो असा मी काढत नाही. ते सगळे मुलाखतीपर्यंत पोहोचलेले होते, त्यामुळे आधीची एक चाळणी त्यांनी पार केलीच होती. पण वरच्या आणि खालच्या क्रमांकांतले जे अंतर समितीला स्पष्ट दिसत होते ते कामात उतरले नाही, आणि जागा वाढल्या नसत्या तर हे कोणाला कधीच कळले नसते. म्हणून ज्या संस्थेला झेपेल तिने प्रत्येक फेरीत बाद ढिगातले चार-पाच अर्ज चिठ्ठीने काढून, मुलाखतकारांना न सांगता, मुलाखतीला पाठवावेत. त्या संख्येवरून एका फेरीत काही ठरणार नाही. अनेक फेऱ्यांची नोंद साठल्यावर ठरेल.

आता नमुन्यात नेमके काय निसटले, याकडे वळतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भांड्यातला सगळा भात सारखाच शिजतो. बाद अर्जांचा ढीग तसा नसतो. वेगवेगळ्या अर्जांना वेगवेगळ्या कारणांनी तिथे टाकलेले असते, म्हणून नमुना कारणवार काढला की चूक कुठली हे दिसू लागते. आपल्या उदाहरणात समजा २१० अर्ज कामात सहा महिन्यांहून जास्त खंड होता म्हणून आपोआप बाद झाले, ५२० ठरावीक शब्द सापडले नाहीत म्हणून, आणि ३२० माणसाने वरवर वाचून बाद केले. त्याच प्रमाणात नमुन्यात अनुक्रमे ३०, ७४ आणि ४६ अर्ज आले. नऊ योग्य अर्जांपैकी पाच खंडाच्या गटात निघाले, तीन शब्दांच्या आणि एक माणसाने बाद केलेल्यांत. प्रत्येक गटाच्या आकाराने गुणले की अंदाज होतो ३५, २१ आणि ७. सगळ्यांत लहान गटाने निम्म्याहून जास्त नुकसान केले आहे. फक्त काठावरचे, म्हणजे थोडक्यात हुकलेले अर्ज पाहण्याची पद्धत अनेकांना पुरेशी वाटते, पण तिच्यात हे ३५ कधीच दिसले नसते. खंडाची अट गुण कमी करत नाही, ती अर्जाला गुण देण्याआधीच बाहेर काढते, त्यामुळे हे अर्ज काठावर नसतातच.

शब्दांच्या गटातले तीन अर्ज वेगळी गोष्ट सांगतात. अशा गटात मी पाहिलेला एक अर्ज मला अजून आठवतो. दोन स्तंभांत नेटकी मांडणी केलेली पीडीएफ फाइल होती. डावीकडे कौशल्ये, उजवीकडे नोकऱ्या, आणि वाचणाऱ्याला सगळे लख्ख दिसत होते. वाचक दोघेही म्हणाले, हा बाद होण्याचे कारणच नाही. मग संगणकाने त्या फाइलमधून काढलेला मजकूर उघडला. त्याने ओळी डावीकडून उजवीकडे सलग वाचल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक ओळीत अर्धे कौशल्य आणि अर्धी नोकरी एकमेकांत मिसळली होती. पदाचे नाव दोन ओळींत तुटले होते आणि पानाच्या वरच्या पट्टीत लिहिलेले प्रमाणपत्र मजकुरात आलेच नव्हते. हव्या असलेल्या शब्दांपैकी दोन त्या अर्जात होते आणि यंत्राच्या दृष्टीने नव्हते. म्हणून फेरतपासणीत मूळ फाइल आणि यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी शेजारी ठेवावेच लागतात. नुसती मूळ फाइल पाहिली तर अट चुकीची होती की वाचन चुकीचे होते हे उलगडत नाही, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

सगळ्यांत व्यवहारी आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण तो करणारे लोक प्रामाणिक असतात. ते म्हणतात, जागा चार आहेत आणि शॉर्टलिस्टमध्ये ९० योग्य माणसे आहेत. आणखी ६३ बाहेर राहिली तर संस्थेचे काय बिघडले? गळती योगायोगाने झाली असती तर माझ्याकडे याचे फारसे उत्तर नव्हते. पण वरचे गट पाहा. बाहेर राहिलेली माणसे योगायोगाने तिथे नाहीत. ज्यांनी आजारपणात, बाळंतपणात किंवा घरच्या वृद्धांसाठी काम थांबवले, ते त्यांत दाटीने आहेत. तीच अट, बऱ्याचदा त्याच सॉफ्टवेअरमधून, दुसऱ्या आणि तिसऱ्या संस्थेतही लागते, तेव्हा चाळीस टक्के गळतीचा अर्थ प्रत्येकाला दहापैकी चार दारे बंद असा राहत नाही. काहींना सगळी दारे उघडी आणि काहींना सगळी बंद असा होतो. आणि संस्थेचा स्वार्थच पाहायचा, तर चार जागांसाठीची सर्वांत चांगली माणसे त्या ९० मध्येच आहेत हे कशावरून? ती निवड तर अजून व्हायचीच आहे.

खर्चाचा हिशोबही मांडतो. दोनशे अर्ज, प्रत्येकी चार मिनिटे, दोन वाचक: सुमारे २७ तास. हा वेळ कमी नाही, आणि दर पदाला तो काढावा असे मी म्हणत नाही. जिथे अटी बदलल्या किंवा नवे सॉफ्टवेअर आले तिथे ताबडतोब, आणि एरवी मोठ्या भरतीत वर्षातून एकदा तो काढावा. आपल्या उदाहरणात त्या २७ तासांनी दाखवून दिले की खंडाच्या अटीने बाद झालेले २१० अर्ज माणसाने वाचायला हवेत. एका वाचकाला त्यासाठी १४ तास लागतील. अंदाज बरोबर असेल, तर त्यांतून ३५ च्या आसपास योग्य माणसे परत येतील आणि १५३ पैकी ९० ऐवजी १२५ संस्थेसमोर असतील. नमुन्यात सापडलेल्या नऊ जणांना मात्र त्या वाचनाची वाट पाहायला लावू नये. त्यांची नावे आता ठाऊक आहेत, पद अजून भरलेले नाही, आणि त्यांना पाठवलेले नकाराचे पत्र मागे घेऊन मुलाखतीची तारीख कळवायला एक सकाळ पुरेल.